‘नो ग्रोथ’ म्हणजे क्लॅमिडिया नाही, असे नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मूत्रमार्गाच्या दाहावरील आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. ‘स्रावाच्या कल्चरमध्ये काही उगवले नाही, तर जंतुसंसर्गाची शंका मिटते’ असे त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला हे वाक्य सोडून देता येत नाही, म्हणून हे पत्र.

समजा, एका रुग्णाला लघवीला जळजळ होते आणि थोडा पातळ स्राव येतो. ग्रॅम स्टेनमध्ये पांढऱ्या पेशी भरपूर दिसतात, पण गोनोरियाचे जंतू कुठे दिसत नाहीत. नमुना ब्लड अगार आणि चॉकलेट अगार या जंतू वाढवण्याच्या माध्यमांवर लावला, ४८ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवला, प्लेट कोरी. रिपोर्ट जातो, ‘नो ग्रोथ’. तंत्रज्ञाची काहीच चूक नाही. मात्र क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस त्या नमुन्यात असला, तरी प्लेट अशीच कोरी राहिली असती.

याचे कारण या जंतूच्या दुहेरी जगण्यात आहे. पेशीबाहेर तो एलिमेंटरी बॉडी या रूपात असतो. आकार जेमतेम ०.३ मायक्रोमीटर. डीएनए हिस्टोनसारख्या प्रथिनांनी आवळलेला, आणि बाहेरच्या आवरणातली प्रथिने गंधकाच्या बंधांनी एकमेकांत अशी गुंतलेली, की घट्ट टाके घातलेले पोतेच जणू. या रूपात तो संसर्ग करू शकतो, विभाजन मात्र करू शकत नाही. आपण त्याला अगारवर टाकतो तेव्हा नेमके हेच रूप टाकतो. भोवती रक्त, पेप्टोन, ग्लुकोज सगळे असते, पण टाके उसवायला लागणारी परिस्थिती पेशीच्या आतच मिळते.

तेच कण जिवंत पेशीला चिकटले, की पेशी त्यांना आत ओढून घेते आणि ते पटलाच्या एका पोकळीत, म्हणजे इन्क्लूजनमध्ये, राहतात. पेशीची पचनयंत्रणा त्या पोकळीपर्यंत पोचू नये याची तजवीज जंतूच करतो. पहिल्या काही तासांत बंध सुटतात, डीएनए मोकळा होतो आणि सुमारे एक मायक्रोमीटरची रेटिक्युलेट बॉडी तयार होते. ही भराभर विभागते, पण पेशीबाहेर काढली तर नाजूक आणि संसर्गाला निकामी. साधारण २४ तासांनंतर काही कण पुन्हा एलिमेंटरी रूपात जाऊ लागतात. ४८ ते ७२ तासांत पेशी फुटते किंवा अख्खे इन्क्लूजन बाहेर टाकते, आणि नवे कण शेजारच्या पेशींकडे वळतात.

मग अगारमध्ये एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाद्रव्य, मिसळले तर? प्रश्न रास्त आहे, कारण रेटिक्युलेट बॉडी यजमान पेशीचे तयार एटीपी आत घेऊन त्या बदल्यात एडीपी बाहेर देते. २०१२ साली संशोधकांनी पेशीविरहित माध्यमात तसा प्रयत्न केला. एलिमेंटरी बॉडीने ग्लुकोज-६-फॉस्फेट वापरले, रेटिक्युलेट बॉडीने एटीपी, दोघांनी प्रथिनेही बनवली. विभाजन मात्र झाले नाही. म्हणजे अडचण निव्वळ ऊर्जेची नाही. या जंतूचा जीनोम सुमारे दहा लाख बेस जोड्यांचा, ई. कोलायच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. ट्रिप्टोफॅनसारखी कित्येक द्रव्ये तो पेशीकडूनच घेतो.

क्लॅमिडियाचे खरे कल्चर मॅकॉयसारख्या जिवंत पेशींच्या थरावर होते. नमुना थरावर टाकून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, म्हणजे कण पेशींवर बसतात. सायक्लोहेक्झिमाइड घालून पेशींची स्वतःची प्रथिननिर्मिती थांबवतात, जेणेकरून पोषण जंतूच्या वाट्याला यावे. दोन-तीन दिवसांनी फ्लुओरेसंट अँटीबॉडीने इन्क्लूजन शोधतात. इथेही घोटाळे होतात. नुसता पू घेतलेल्या नमुन्यात मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशीच नसतात, आणि जंतू तर त्यांच्यात असतो. पेनिसिलिन आधीच घेतलेले असले, तर रेटिक्युलेट बॉडी फुगून विभाजन थांबवते, पण मरत नाही.

म्हणूनच आज निदानासाठी लघवीच्या पहिल्या धारेची किंवा स्वॅबची न्यूक्लिक आम्ल चाचणी करतात. तिला जंतू उगवावा लागत नाही. अर्थात मेलेल्या जंतूचा डीएनएही ती पकडते, त्यामुळे उपचार संपल्यावर चार आठवड्यांच्या आत ती पुन्हा केली, तर बरा झालेला रुग्णही पॉझिटिव्ह दिसू शकतो. लेखातले ते वाक्य पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील एक निवृत्त कर्मचारी