उवा: दुसऱ्यांदा लोशन लावायला विसरू नका

चौथीच्या पालकांनो, माझ्या लेकीच्या डोक्यात पुन्हा उवा निघाल्या. चूक माझीच, परमेथ्रिन १ टक्का लोशन एकदाच लावलं. त्याने उवा मरतात, पण बऱ्याच लिखा वाचतात आणि ७ ते ९ दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी ते पुन्हा लावायचं. मध्ये एक दिवसाआड ओल्या केसांना कंडिशनर लावून, कानामागून आणि मानेवरून सुरुवात करत बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत ओढा. दर वेळी ती पांढऱ्या कापडावर पुसा, म्हणजे काय निघालं ते दिसतं. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघा. अभ्रे, रिबिनी गरम पाण्यात धुवा. घरात फवारणी नको, डोक्याबाहेर ऊ दोनेक दिवसांत मरते. आणि रॉकेल तर अजिबात नको! उद्यापासून मुलींना घट्ट वेण्या घालून पाठवा.