विषय : खोक्यावर १२० हर्ट्झ, गेममध्ये ६० – मोबाइलच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तक्रार

दि. १२ नोव्हेंबर २०२५
इचलकरंजी, जि. कोल्हापूर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

दिवाळीच्या बोनसमधून मी १४ ऑक्टोबरला माझ्या धाकट्या भावासाठी आपल्या कंपनीचा ९,९९९ रुपयांचा मोबाइल घेतला. तो कॉलेजच्या मित्रांबरोबर बीजीएमआय खेळतो. जुन्या मोबाइलवर गेम अडकायचा आणि त्याच्यामुळे सगळ्या टीमचा खेळ बिघडायचा, म्हणून त्याला चांगला फोन द्यायचा असं मी वर्षभर मनात धरलं होतं. मी सूतगिरणीच्या हिशेब विभागात काम करते. दहा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही, त्यामुळे घेण्याआधी मी चार दुकानं फिरले आणि प्रत्येक खोक्यामागचा मजकूर वाचला.

आपल्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी होत्या : ‘१२० हर्ट्झ – गेमिंगसाठी लोण्यासारखा स्मूद डिस्प्ले’ आणि ‘ऑक्टा-कोअर २.० गीगाहर्ट्झ गेमिंग प्रोसेसर’. त्याच दुकानात दुसऱ्या कंपनीचा ९० हर्ट्झचा फोन दीड हजारांनी महाग होता. ९० पेक्षा १२० मोठे आणि पैसेही कमी, म्हणून मी आपला घेतला.

पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाला, ‘ताई, मेनू एकदम भारी सरकतो, पण गेममध्ये मान वळवली की धक्के बसतात.’ सर्व्हिस सेंटरने फोन रीसेट करून दिला, फरक पडला नाही. तिथल्या मुलाने सांगितलं की गेमच जड आहे. तेव्हा मी स्वतः तपासायला बसले.

सेटिंगमध्ये Build number वर सात वेळा दाबलं की Developer options उघडतं. त्यात Show refresh rate चालू केलं की स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजा होतोय तो आकडा कोपऱ्यात दिसत राहतो. होम स्क्रीनवर १२० दिसले. बीजीएमआय उघडला आणि आकडा ६० वर आला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरचा पर्याय निवडलेला होता, तरीही ६० च. म्हणजे ज्या कामासाठी १२० हर्ट्झ विकला, नेमक्या त्याच कामात तो बंद असतो.

आता दुसरी बाजू. स्क्रीनने कितीही वेळा ताजं व्हावं, नवं चित्र गेमला आणि प्रोसेसरलाच बनवावं लागतं. बीजीएमआयच्या ग्राफिक्समध्ये आपल्या फोनवर Smooth बरोबर जास्तीत जास्त Ultra निवडता येतं, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. त्याच्या वरचं Extreme, म्हणजे ६० चित्रं, या फोनवर निवडताच येत नाही.

हे ४० आणि ६० एकमेकांत नीट बसत नाहीत, खरा त्रास तिथे आहे. सेकंदाला ४० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्र २५ मिलिसेकंद दिसायला हवं. पण ६० हर्ट्झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलू शकतो. मग एक चित्र एक फेरा टिकतं, पुढचं दोन फेरे, परत एक, परत दोन. सरासरी ४० भरते, पण चाल लंगडी होते आणि डोळ्याला तोच धक्का जाणवतो.

अंदाजावर बोलायला नको म्हणून मी ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या मोबाइलने सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये आपल्या स्क्रीनचं चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. गेममधलं एक चित्र ४ फ्रेम, म्हणजे स्क्रीनचा एक फेरा टिकलं, पुढचं ८, मग ४, मग ८. पानभर आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. वीस मिनिटं खेळल्यावर कॅमेऱ्याजवळची पाठ हाताला चांगलीच चटका देऊ लागली. तेव्हा परत मोजलं तर ८, ८, १२, ८ असे आकडे आले. म्हणजे गेम ३० चित्रांच्याही खाली उतरला होता.

तापल्यावर वेग का पडतो, ते आपल्या संकेतस्थळाच्या तळाशी असलेल्या बारीक तक्त्यात सापडलं. खोक्यावर प्रोसेसरचं नावसुद्धा नाही. तक्त्यात आहे : १२ नॅनोमीटर, आणि आठपैकी फक्त दोन कोअर २.० गीगाहर्ट्झचे, कॉर्टेक्स ए७५ जातीचे. उरलेले सहा १.७ गीगाहर्ट्झचे ए५५, जे वीज वाचवण्यासाठी असतात. गेमचा मुख्य भार त्या दोघांवर आणि ग्राफिक्सच्या चिपवर पडतो. १२ नॅनोमीटरच्या जुन्या बनावटीला तेच काम करायला जास्त वीज लागते, उष्णता वाढते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो.

माझ्या आतेभावाकडे तोच ९० हर्ट्झचा फोन आहे, जो मी दुकानात बाजूला ठेवला होता. त्यात दोन ए७६ कोअर आणि ६ नॅनोमीटरची बनावट आहे. गेममध्ये त्याचाही स्क्रीन ६० वरच येतो, पण तिथे Extreme निवडता येतं. गेम ६० चित्रं देतो, स्क्रीन ६० फेरे मारतो, प्रत्येक चित्र बरोबर एक फेरा टिकतं. मोजलं तेव्हा ४, ४, ४, ४ असे आकडे आले. खोक्यावर लहान आकडा असलेला फोन खेळायला सरस निघाला. हे मला विकत घेण्याआधी कळायला हवं होतं, आणि ते कळवणं आपलं काम होतं.

आपल्या प्रतिनिधीने चॅटवर दोन उत्तरं दिली. पहिलं, या फोनला २४० हर्ट्झसुद्धा आहे. ते २४० स्क्रीन बोटाचा स्पर्श किती वेळा तपासतो त्याचे आहेत, चित्राशी त्यांचा संबंध नाही. ग्राहक सेवेतल्या माणसाला हा फरक माहीत नसावा याचं मला वाईट वाटलं. दुसरं, खोक्याच्या तळाशी ‘प्रत्यक्ष रिफ्रेश रेट ॲपनुसार बदलू शकतो’ असं लिहिलं आहे. ती ओळ मी भिंग घेऊन वाचली. वर ‘गेमिंगसाठी’ लिहायचं आणि खाली अशी ओळ टाकायची, याने दिशाभूल मिटत नाही.

दहा हजारांच्या फोनने ६० चित्रं द्यावीत असा माझा हट्ट नाही. प्रोसेसरची मर्यादा मला समजते. पण स्क्रीन गेममध्ये १२० वर ठेवला, तर ४० चित्रांपैकी प्रत्येक चित्र बरोबर तीन फेरे, म्हणजे २५ मिलिसेकंद टिकेल आणि लंगडी चाल निदान फोन तापेपर्यंत तरी जाईल. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, ते आम्हाला चालेल. पॅनल १२० चा आहेच, त्यामुळे अपडेटमधून गेमनिहाय हा पर्याय आपण द्यावा ही माझी पहिली मागणी आहे. ते शक्य नसेल तर फोन परत घेऊन ९,९९९ रुपये द्यावेत. तसंच यापुढे खोक्याच्या दर्शनी बाजूला प्रोसेसरचं पूर्ण नाव छापावं आणि ‘गेमिंग’ म्हणत असाल तर कोणत्या गेममध्ये किती चित्रं मिळतात तेही लिहावं.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तरतुदीनुसार मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, स्लो मोशन चित्रीकरण, वहीतल्या मोजणीच्या पानाची प्रत, चॅटमधील संभाषण