चार महिन्यांचे युनिट एकाच महिन्याच्या माथी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाढीव वीजबिल आले की आपण आधी मीटरला दोष देतो. मी वीज कार्यालयात दिलेला तक्रार अर्ज नेमका उलट आहे. मीटर बरोबर आहे, बिल चुकले आहे, असे त्यात म्हटले आहे. अनेक घरांत हाच प्रकार घडत असावा, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे जानेवारीनंतर रीडिंग घ्यायला कोणी फिरकलेच नाही. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलची बिले सरासरीने आली, प्रत्येकी ९५ युनिटची. तिन्ही बिलांवर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ या दोन्ही रकान्यांत ८४१२ हाच आकडा आहे. आकडा पुढे सरकलेला नाही आणि तरी युनिट लावले आहेत, म्हणजे मीटर पाहिलेलाच नाही. ८ मे रोजी एकदाचे रीडिंग घेतले गेले, ते ८९७२ निघाले. फरक ५६० युनिटचा, आणि तो सगळा मे महिन्याच्या बिलात. मधल्या तीन बिलांचे आम्ही भरलेले पैसे वजा केले आहेत, हे मान्य. पण तेवढ्याने हिशेब बरोबर होत नाही, कारण चूक स्लॅबमध्ये आहे.

आमच्या बिलावर पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी आहे. त्यानंतर ३००पर्यंत वेगळा, ५००पर्यंत आणखी चढा आणि पुढे सर्वाधिक. ५६० युनिट एका महिन्याचे धरल्यावर स्वस्त दराचे १०० युनिट एकदाच मिळाले, २०० दुसऱ्या स्लॅबमध्ये गेले, २०० तिसऱ्यात आणि उरलेले ६० थेट सर्वांत महागड्या दरात. प्रत्यक्षात हा वापर चार महिन्यांचा, म्हणजे महिन्याला १४० युनिटचा. तशी विभागणी केली तर ४०० युनिट पहिल्या स्लॅबमध्ये बसतात, १६० दुसऱ्यात, आणि तिसऱ्या-चौथ्या स्लॅबचा संबंधच येत नाही. रीडिंग घ्यायला माणूस आला नाही, त्याचा दंड ग्राहकाने वरच्या दराने का भरायचा?

कार्यालयात पहिले उत्तर ठरलेले होते: ‘मीटर तपासणीची फी भरा, मीटर फास्ट आहे का बघू.’ तो रस्ता धरला असता तर मीटर बरोबर निघाला असता आणि बिलही बरोबर ठरवले गेले असते. म्हणून अर्जाला मीटरचे दोन फोटो जोडले. १७ मे रोजी रीडिंग ९०१४ होते, २७ मे रोजी ९०६०. दहा दिवसांत ४६ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १३८. चार महिन्यांच्या सरासरीशी हे अगदी जुळते. दोन फोटोंमधला वापरच दुपटीने आला असता तर मीटरवर संशय घ्यायला जागा होती. आणि फोटोतले रीडिंग बिलातल्या रीडिंगपेक्षा कमी असते तर आकडाच चुकीचा टिपला गेला, असे म्हणता आले असते.

फोटो काढताना एक काळजी घ्यावी लागते. डिजिटल मीटरवर तारीख, वेळ, व्होल्टेज, मागणी असे आकडे आळीपाळीने येतात. kWh दिसेल तेव्हाच फोटो घ्यायचा, आणि मीटर क्रमांक त्याच फोटोत आला पाहिजे. नुसत्या आकड्याचा फोटो कोणत्या मीटरचा, असे काउंटरवर विचारले की आपल्याकडे उत्तर नसते. जुन्या बिलांपैकी जानेवारीचे बिल सर्वांत मोलाचे, कारण शेवटचे खरे रीडिंग त्यातच आहे. बरेच लोक फक्त वाढीव बिलाची झेरॉक्स जोडतात आणि तिथेच अडकतात.

‘तक्रार चालू राहू द्या, आधी पूर्ण बिल भरा, नाहीतर वीज तोडू’ असेही ऐकवले गेले. विद्युत कायदा २००३च्या कलम ५६मध्ये याचे उत्तर आहे. मागितलेली पूर्ण रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आम्ही सरासरीची रक्कम भरली आणि ‘निषेध नोंदवून भरणा’ असे अर्जात स्पष्ट लिहिले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तो द्यायला आधी टाळाटाळ झाली, हे सांगायला नकोच.

मागणी एवढीच आहे की सरासरी बिलांनंतर खरे रीडिंग आले की युनिटची महिन्यांनुसार विभागणी कार्यालयानेच करावी, ग्राहकाच्या अर्जाची वाट पाहू नये. रीडिंगच्या तारखा त्यांच्याच संगणकात आहेत. आमच्या अर्जाला अद्याप लेखी उत्तर आलेले नाही.

आपला,
एक वीज ग्राहक