भोक भरले, पण कशाने?

उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेवरील आपल्या लेखात अग्निरोधक दारांची चर्चा आहे, परंतु केबल व पाइप भिंतीतून जातात त्या भोकांचा उल्लेख नाही. दोन तास आग अडवणारी भिंत अशा फटीपाशी काही मिनिटांतच निकामी होते, कारण आगीच्या दाबाने तापलेला धूर तिथूनच पलीकडे ढकलला जातो. प्लॅस्टिकचा पाइप तर वितळून भोक आणखी मोकळे करतो, म्हणून त्याभोवती उष्णतेने फुगणारी पट्टी लागते. साधा फोम भरणे हा उपाय नव्हे. अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात १९७५ मध्ये केबलभोवतीची गळती मेणबत्तीने (!) तपासताना फोमच पेटला आणि सोळाशेहून अधिक केबल निकामी झाल्या. ही भोके फॉल्स सीलिंग लागण्यापूर्वीच तपासली जावीत.

– एक वाचक, पुणे