'सिस्टर, पेशंट खाली सरकलाय!'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली की पेशंट हळूहळू पायथ्याकडे घसरतो आणि नातेवाईक हाक मारतात. मग दोघी सिस्टर दोन बाजूंनी त्याच्या काखेत हात घालतात आणि 'एक, दोन, तीन' म्हणत वर ओढतात. माझी कंबर अशाच एका ओढण्यात गेली. पेशंट अर्धांगवायूचे, वजन 78 किलो. ओढताना कमरेतून पोटरीपर्यंत कळ गेली; एमआरआयमध्ये चकती सरकलेली निघाली.

अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेतील संशोधकाने 2007 मध्ये पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा साधारण 16 किलो सांगितली. तीही पेशंट साथ देणारा असेल आणि वजन अंगाजवळ धरता येत असेल तर. आमच्या वाट्याला प्रत्येकी 39 किलो येत होते. ओढताना सगळे वजन पेलावे लागत नाही, हे खरे. पण पेशंटच्या अंगाखालची आडवी सुती चादर, म्हणजे ड्रॉशीट, गादीला घासत अडते आणि तो अडथळा वाकलेल्या कमरेला मोडावा लागतो. शिवाय काखेतून ओढल्याने पेशंटचा लुळा खांदा निखळू शकतो, ते वेगळेच.

यावर उपाय आहे 'स्लाइड शीट', नायलॉनची गुळगुळीत दुहेरी चादर. आधी पलंगाचे ब्रेक लावायचे आणि पेशंटला सोसत असेल तर डोक्याकडची बाजू सपाट करायची. नळीतून फीड चालू असेल तर ते अगोदर थांबवायचे. पेशंटला कुशीवर वळवून चादर खांद्यापासून टाचांपर्यंत खाली सरकवायची. टाचा बाहेर राहिल्या तर त्या गादीवर घासून कातडी सोलते. मग दोघींनी वरचा पदर धरायचा, एक पाऊल उशाकडे टाकायचे आणि हात न उचलता अंगाचा भार त्या पावलावर न्यायचा. पेशंट सरकतो, उचलला जात नाही. काम झाले की खालचा पदर आतल्या आत दुमडत चादर काढून घ्यायची. ती अंगाखाली राहिली, तर पेशंट पुन्हा घसरणार, कदाचित थेट पलंगाखाली.

अडचण पलंगाचीही आहे. आमच्याकडच्या हँडलच्या पलंगांची उंची बदलत नाही, त्यामुळे उंच सिस्टरला वाकावेच लागते. पेशंटला पलंगावरून खुर्चीत न्यायला मात्र ही चादर चालत नाही, तिथे पेशंटला झोळीत उचलणारे यंत्र, म्हणजे हॉइस्टच हवा. आमच्या रुग्णालयात तो आहे. स्टोअरमध्ये, कुलपात, बॅटरी उतरलेली. त्याची झोळी लाँड्रीत गेली ती परत आलीच नाही.

माझ्या दुखण्यानंतर प्रशासनाने 'वजन कसे उचलावे' यावर तासाभराचे व्याख्यान ठेवले. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा. वॉर्डात पलंग भिंतीला टेकलेले, मध्ये सलाइनचा स्टँड, तिथे गुडघे वाकवायचे कुठे? नुसत्या प्रशिक्षणाने परिचारिकांची कंबरदुखी कमी होत नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. त्या तासाऐवजी प्रत्येक वॉर्डात चार स्लाइड शीट द्या आणि हॉइस्टची किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे ठेवा.

— एक परिचारिका, सांगली