रजा मिळाली नाही, पण फिरायचंच

प्रिय आई-बाबा,

सोमवारपासून रजा मिळणार नाही, हे पक्कं झालं. माद्रिदच्या विमानतळावर मी असेनच, शनिवार-रविवार आपलेच. पण पुढे दिवसभर तुम्ही दोघंच, आणि घरात बसायचं नाही असं मी ठरवून टाकलंय. वाईट वाटतंय गं आई, पण गाईड लावला असता तर बाबांनी त्याला पहिल्याच दिवशी वाटेला लावलं असतं. नाशिकला काय झालं ते आठवा.

रेतीरो बागेत जा. मेट्रोची 2 नंबरची लाइन आपल्या क्वात्रो कामिनोसहूनच सुटते. गाडी बदलायची नाही, जिने कमी, बाबांच्या गुडघ्याला त्रास नाही. फलाटावरच्या पाटीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं : जाताना लास रोसास, येताना क्वात्रो कामिनोस. येताना झोप लागली तरी चालेल, गाडी आपल्याकडेच संपते.

लाल कार्डावर दहा फेऱ्या भरून ठेवते. ते कुणाच्या नावावर नसतं, दोघांना एकच पुरतं. आई आत गेली की तिने कार्ड मागे द्यायचं, बाबांनी पुन्हा टेकवायचं. फेऱ्या संपल्या तर मशीनवर इंग्लिश निवडून त्याच कार्डावर 'दिएथ बियाखेस' भरा. नवं कार्ड घेऊ नका, अडीच युरो उगाच जातील.

रस्ता विचारणं सोपं आहे, उत्तर ऐकणं अवघड. 'पेर्दोने, एल रेतीरो?' म्हटलं की समोरचा 'तोदो रेक्तो आस्ता एल सेमाफोरो, ला सेगुन्दा आ ला इथ्किएर्दा' असं एका दमात बोलून मोकळा होतो. म्हणजे सरळ सिग्नलपर्यंत, मग डावीकडची दुसरी गल्ली. सगळं समजून घेऊ नका. पहिला तुकडा आणि त्याचा हात पकडा, सिग्नलपर्यंत जा, तिथे दुसऱ्याला विचारा. त्याहून बरं म्हणजे आपणच बोट दाखवून 'एस पोर आकी?' म्हणायचं. 'इकडूनच ना?' असा प्रश्न, त्यामुळे उत्तर 'सी' नाहीतर 'नो'.

बाबा, तुमच्या वहीत 'देरेचो' म्हणजे सरळ असं लिहिलंय, ते अमेरिकेकडचं स्पॅनिश. इथे सरळला 'रेक्तो' म्हणतात आणि 'देरेचा' म्हणजे उजवीकडे. घाईत कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून हाताकडे बघा.

आई, स्वारगेटला चौकशीच्या खिडकीशी मला पुढे ढकलून 'तूच विचार' म्हणायचीस. आता तू विचार. बाबा ओशाळतात, तू नाही.

गुडघ्याचा पट्टा घरूनच लावून निघा. डब्यात थालीपीठ ठेवीन, बाटली भरून घ्या. बागेत पोचलात की फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परत फिरा, बाबांना बसायला जागा मिळायला हवी.

तुमची,
चिऊ