सातबाऱ्यावरचं माझं नाव

अहो,

आज आपल्या लग्नाला ३५ वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा हा दिवस कधी लक्षातही राहिला नाही. मे महिना म्हणजे उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई. लेकीनं फोन घेतल्यापासून ती आठवण करून द्यायची आणि तुम्ही म्हणायचात, "बरं बरं, संध्याकाळी शिरा कर." आज शिरा केला नाही. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून लिहायला बसले. पोरं म्हणाली, चारचौघांना वाचू दे. वाचू दे.

गोष्ट १९९३ सालची. थोरला रांगत होता. तुम्ही दुपारी तलाठ्याकडून आलात आणि एक कागद माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "इथं सही कर." मी सातवी शिकलेली, सही येत होती, पण कागद वाचल्यावर हात थांबला. आपल्या गटाच्या सातबाऱ्यावर तुमच्या जोडीनं माझं नाव लावायचा अर्ज होता. मी केवढी चिडले होते! "असं काय झालंय तुम्हाला? मरायला टेकलात का?" असं बोलून गेले. नवऱ्याची जमीन बायकोच्या नावावर येते ती नवरा गेल्यावरच, एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या आईचं तसंच झालं होतं.

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "आई चांदवडला जाऊन आली तेव्हापासून हे डोक्यात आहे."

१९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. आत्याबाई गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेल्या, आणि ट्रॅक्टर चालवायला तुम्ही. लाल बिल्ला लावलेल्या इतक्या बायका एका जागी त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा घरच्या लक्ष्मीच्या नावे करावा म्हणून. १९९२ साली सरकारनंही परिपत्रक काढलं. नवऱ्यानं साधा अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागायला लागलं. त्याला ना खरेदीखत लागायचं ना स्टँप.

पण अर्ज दिला आणि नाव लागलं, असं होत नाही. तलाठ्यानं फेरफार धरला, नोटिसा निघाल्या, हरकतीसाठी पंधरा दिवस गेले, मग मंडल अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली. त्या पंधरा दिवसांत भाऊजी दोनदा घरी येऊन गेले. "वहिनीचं नाव लावायचं म्हणजे घरात विश्वास उरला नाही का?" तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "वाटणी आपली झालीय. माझ्या तीन एकरांत काय लिहायचं ते मी ठरवीन." पारावर लोकांनी तुम्हाला बाईलबुद्ध्या म्हटलं, तेही तुम्ही ऐकून घेतलंत. त्या सातबाऱ्याच्या जोरावर तुम्ही मला विकास सोसायटीची सभासदही केलंत. दर वर्षी कर्ज उचलताना मी अंगठ्याऐवजी सही करायचे, याचंच तुम्हाला कोण कौतुक!

त्या कागदाची किंमत मला २०२२च्या ऑगस्टात कळली.

तुम्ही गेलात तेव्हा रांगड्या कांद्याचं बी वाफ्यात पडून आठ दिवस झाले होते. दहाव्याला लोक बसले होते आणि माझ्या डोक्यात रोपाला पाणी कोण देईल हेच चाललेलं. लाज वाटत होती, पण खरं सांगते. माझ्या मावसबहिणीचा नवरा आदल्याच वर्षी गेला होता. सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर. वारस नोंदीला दिरानं हरकत घेतली, नोंद तक्रारी झाली, तहसीलला तारखा पडत राहिल्या. दोन हंगाम तिला सोसायटीनं दारात उभं केलं नाही. जमीन डोळ्यांसमोर, राबणारीही तीच, पण कागदावर ती कोणीच नव्हती.

आपल्याही वारस नोंदीला वेळ गेलाच. गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, म्हणून मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं घेऊन पोराबरोबर दोन चकरा मारल्या. पण नोंद होईपर्यंत मी खोळंबून राहिले नाही, कारण माझं नाव आधीपासून होतं. सोसायटीत माझं खातं चालू होतं. खत आलं, मजुरांचे पैसे भागले, ऑक्टोबरात लागवड झाली. पोरानं मोबाइलवर ई-पीक पाहणी शिकवली. बांधावर उभी राहून कांद्याचा फोटो काढला, माझ्या नावानं.

फेब्रुवारीत कांदा निघाला आणि भाव इतका कोसळला की काढणीची मजुरीही सुटेना. मग सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी आणि बाजार समितीची पट्टी हवी. पट्टी एकाच्या नावाची आणि सातबारा दुसऱ्याच्या, अशी कितीतरी घरं कागदं जुळवत हिंडली. माझी पट्टी माझ्या नावाची, सातबाऱ्यावर मीच. ६२ क्विंटल गेला होता. २१,७०० रुपये झाले. उशिरा आले, पण माझ्या खात्यात आले. पासबुकावरची ती ओळ मी तुमच्या फोटोपुढं धरली होती, आठवतं का?

एक गोष्ट वकिलांनी सांगितली, ती इथं लिहिते, कारण बायका मला विचारायला येतात. सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. भांडण कोर्टात गेलं तर तिथं आणखी पुरावे बघतात. तेव्हा नाव लागलं म्हणून निर्धास्त होऊ नये. पण सोसायटी, तलाठी, बाजार समिती यांच्या दारात जे विचारतात ते तेवढंच.

वारस नोंद मंजूर झाल्यावर नवा उतारा काढला. तुमचं नाव कंसात गेलं होतं, वरून आडवी रेघ. कपाळ पुसताना रडले नव्हते तेवढी त्या उताऱ्यावर रडले. खाली माझं नाव जिथं होतं तिथंच. त्याखाली पोराचं, आणि लेकीचं. लेकीकडून हक्कसोड करून घ्या, म्हणून किती जण सांगून गेले! मी नाही म्हटलं. पोरगाही काही बोलला नाही, तुमच्यावर गेलाय.

परवा त्यानं सूनबाईपुढं अर्ज ठेवला. त्याच्या हिश्श्यात तिचं नाव लावायचा. ती कागद वाचून माझ्याकडं धावत आली, डोळे मोठे करून. म्हणाली, "आई, यांना काही झालंय का? मला सांगत नाहीत!"

मी इतकी हसले की तिला वाटलं मलाच काही झालंय.

तुमची
(खातेदार)